पाण्याचं वजन

दोन एप्रिल, मंगळवार. आठवड्याच्या खाण्यापिण्याला बाराशे साठ रुपये. तीन माणसं, सात दिवस, म्हणजे दिवसाला एकशे ऐंशी. एवढ्यात आईला रोज साठ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, असं इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ मुलीने सांगितलं तेव्हा काटेबाईने मान हलवली आणि पर्समधून पेन काढलं.

तिला काटेबाई म्हणत, कारण गावाबाहेरच्या वाळू-खडीच्या डेपोत मालट्रकांचा वजनकाटा तिच्या हातात होता. आणि म्हणत, कारण ती होतीच काट्यासारखी. चोविसाव्या वर्षी काट्याच्या खोलीत बसली, आता पन्नाशी आली. सुरुवातीला ड्रायव्हर लोकांनी सगळे प्रकार करून पाहिले. कुणी रिकामी गाडी तोलताना चाक काट्याबाहेर ठेवलं, कुणी भरलेल्या गाडीचं वजन वाढवायला क्लीनरला सीटमागे झोपवलं. तिने एकेकाला खाली उतरवलं, गाडीभोवती स्वतः फेरी मारली, आणि भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करून निव्वळ किती ते चिठ्ठीवर लिहून दिलं. माल ओला असेल तर मूठभर हातात घेऊन दाबायची आणि शंभराला पाच, कधी आठ किलो ओल कापायची. मालकाने तिच्या आकड्यावर कधी दुसरा आकडा लिहिला नाही. सव्वीस वर्षांत तिला कुणी एक किलोने फसवलं नव्हतं, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

आई शहात्तर वर्षांची, वजन अठ्ठेचाळीस किलो. जानेवारीत न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण दोन महिने पलंगावर पडून मांड्या काडीसारख्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं ठीक आहेत, प्रथिनं वाढवायला हरकत नाही. खाणं आणि व्यायाम दोन्ही हवं. नुसता व्यायाम केला तर शरीर आहे तेही मांस खाईल.

ऑपरेशनचं बिल धाकट्या भावाने भरलं होतं. तो दुसऱ्या शहरात राहायचा, नवराबायको दोघंही नोकरीला. इस्पितळाच्या आवारात त्याने बहिणीला बाजूला घेतलं.

"ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. तू दिवसभर डेपोत. दाजी घरी आहेत, पण आईला न्हाणीत ते नेणार आहेत का? ती पुन्हा पडली तर मी दुसरं बिल भरू शकत नाही."

"मग काय करायचं?"

"एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. बायका असतात मदतीला. महिन्याचे पैसे मी देईन."

"आई तिथे मरेल."

"इथे पडली तरी मरेल."

शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच तोडगा काढला. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसता आलं, तर म्हातारं माणूस आपलं आपण न्हाणीत जाऊ शकतं असं धरायला हरकत नाही, असं त्या म्हणाल्या. सहा आठवडे घ्या. चौदा मे रोजी तपासू. भावाने कबूल केलं. पाच वेळा उठली तर आई ताईकडे, नाही तर आश्रमात. आई चाकाच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "माझा सौदा ठरला वाटतं."

त्यानंतर आहारतज्ज्ञ मुलीचं टेबल. मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची. तिने एक छापील तक्ता पुढे केला. शंभर ग्रॅम मसूर, चोवीस ग्रॅम प्रथिनं. हरभरे वीस. शेंगदाणे पंचवीस. सोयाबीनच्या वड्या बावन्न. दूध सव्वातीन. "अंडी?" तिने विचारलं. आईने नाकावर पदर धरला. "मग डाळ आणि धान्य एकाच दिवसात दोन्ही द्या, एकात जे कमी ते दुसऱ्यात मिळतं. आणि सगळं एका जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळांत वाटून द्या. आता यातलं वजन म्हणजे बरं का—"

"वजनाचं मला नका सांगू, बाई," काटेबाई हसून म्हणाली. "सव्वीस वर्षं काट्यावर बसते मी."

मुलगीही हसली. मागे रांग होती. तिने पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काटेबाईने आठवड्याचा तक्ता मांडला. नवरा समोर स्टुलावर बसला होता. तो लेथवर काम करणारा माणूस, कारखाना बंद पडून चार वर्षं झाली होती. तेव्हापासून दुपारचा स्वयंपाक त्याच्याकडे होता आणि बायकोला तो साहेब म्हणायचा.

"सोमवारी मसूर. मंगळवारी हरभरे, आदल्या रात्री भिजत टाकायचे. बुधवारी सोयावड्या."

"ते रबर?"

"ते रबर सगळ्यात स्वस्त आहे. पैशाला जेवढं प्रथिन त्यात मिळतं तेवढं कशातच नाही, मी भागाकार करून पाहिलाय. गुरुवारी राजमा, शुक्रवारी पुन्हा मसूर, शनिवारी मूग, रविवारी सोयावड्या. वरण आणि दूध रोज."

"आणि आम्हा गरिबांना?"

"उरलेलं."

"साहेबांचा हुकूम," म्हणून त्याने तक्ता भिंतीला चिकटवला.

बाजारातून तिने एक छोटा स्वयंपाकाचा काटा आणला. डेपोतला काटा साठ टन तोलायचा, हा पाच किलो. नवऱ्याला तिने शिकवलं: वाटी आधी ठेवा, आकडा शून्यावर आणा, मग वाढा. वाटीचं वजन पदरात पडता कामा नये. आईच्या ताटात रोज शंभर ग्रॅम डाळ, म्हणजे चोवीस. दुसऱ्या वेळेला त्या दिवसाचं कडधान्य शंभर ग्रॅम किंवा वड्या पन्नास ग्रॅम, म्हणजे वीस ते सव्वीस. भात शंभर ग्रॅम, सात. पिठाचे सहा, दुधाचे सहा. बेरीज साठाच्या वरच. नवऱ्याने लेथवर जसं माप धरलं असतं तसंच इथेही धरलं. भांड्यातून शिजलेली डाळ डावाने वाटीत घ्यायचा, आकडा एकशे दोन आला तर दोन ग्रॅम परत भांड्यात टाकायचा.

"अहो, राहू द्या की दोन ग्रॅम," आई पलंगावरून म्हणायची. "जावईबापू सोनार झालेत माझ्यासाठी."

"सासूबाई, साहेबांनी तपासणी केली तर माझी नोकरी जाईल."

"आहे कुठे ती नोकरी?"

"हीच की."

सकाळ-संध्याकाळ काटेबाई आईला खुर्चीवरून उठवायची. पहिल्या आठवड्यात दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून, दुसऱ्या आठवड्यात एका हाताने. मांड्या थरथरायच्या, आईच्या ओठांवर घाम यायचा. "पोरी, पुरे," म्हणाली की मगच थांबायची. भिंतीवरच्या तक्त्याशेजारी पेन्सिलीच्या रेघा वाढत गेल्या.

आणि खर्च कमी होत होता. डाळी-कडधान्यांना तिने आठवड्याला चारशे ऐंशी धरले होते, लागले दोनशे नव्वद. दर शनिवारी वाण्याच्या दुकानातून परतताना ती पिशवी उचलून नवऱ्याला दाखवायची. "बघा. लोक म्हणतात प्रथिनं श्रीमंतांनी खावीत. हिशेब आला की गरिबालाही परवडतात." चार आठवड्यांचे सातशे साठ वाचले. त्यातून तिने आईसाठी चार पायांची काठी आणली, खाली रबर लावलेली. आईने ती एकदा धरून पाहिली आणि कोपऱ्यात उभी करायला सांगितली.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी रेघा वाढेनाशा झाल्या. हात न टेकता उठणं जमत नव्हतं. एक हात टेकून आई एकदा उठायची, दुसऱ्या वेळी अर्ध्यावर येऊन धप्पकन खाली बसायची. इस्पितळात वजन केलं तर सत्तेचाळीस. एक किलो कमी.

"साठ ग्रॅम खातेय, मग जातंय कुठे?" काटेबाई रात्री म्हणाली.

"वय आहे," नवरा म्हणाला.

"वयाचं काय त्यात? जेवढं आत जातं तेवढं काट्यावर दिसलं पाहिजे."

"साहेब, माणूस म्हणजे गाडी नव्हे."

काटेबाई दुसऱ्या दिवशी आईशी जरा तुसडेपणाने वागली. "तू मन लावत नाहीस, आई. पोटात सगळं जातंय, पाय का उचलत नाहीत?" त्या दिवशी आई न सांगता तीनदा जास्त उठून बसली आणि रात्रभर कण्हत राहिली.

तीन मे, शुक्रवार. दुपारी अडीचला नदीकाठची वाळू घेऊन एक गाडी आली. मागच्या फळीतून पाणी ठिबकत होतं, काट्यावर ओल्या चाकांचे पट्टे उमटले. काटेबाई खाली उतरली, मूठभर वाळू दाबली, बोटांमधून पाणी निघालं. चिठ्ठीवर तिने शंभराला आठ कापले.

ड्रायव्हर नवा होता, तापट. "मॅडम, गाडीत भरलेलं वजन काट्यावर दिसतंय, मग आठ कशाला कापता?"

"त्यात पाणी आहे."

"मग? वाळूच आहे ना ती?"

"वाळू कोरडी जेवढी होती तेवढीच आहे. वजन वाढलं ते पाण्याने. पाण्याचे पैसे मागतोस होय रे माझ्याकडे?"

काटेबाईचं पेन चिठ्ठीवर तसंच टेकलेलं राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

ती एवढंच म्हणाली, "जा तू," आणि पुढच्या चार गाड्या तिने कशा तोलल्या ते तिला नंतर आठवेना.

घरी आल्यावर तिने चप्पलही काढली नाही. डब्यातून मसूर काढून काट्यावर शंभर ग्रॅम तोलले, धुतले, कुकरमध्ये घातले. नवरा विचारत राहिला, काय झालं, काय झालं. शिजल्यावर तिने तीच डाळ वाटी-वाटीने पुन्हा तोलली. दोनशे ऐंशी ग्रॅम.

"शंभराचे दोनशे ऐंशी," ती म्हणाली. "एकशे ऐंशी पाणी."

"हं. शिजल्यावर फुगणारच."

"तक्ता कोरड्या डाळीचा आहे हो."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो स्टुलावर बसला.

मग तिने पेन्सिल घेऊन ओट्यावरच मांडलं. शंभर ग्रॅम शिजलेल्या डाळीत चोवीस नव्हेत, साडेआठ. शिजलेल्या हरभऱ्यांत वीस नव्हेत, साडेआठ. भिजून फुगलेल्या पन्नास ग्रॅम वड्या म्हणजे कोरड्या सोळा-सतरा ग्रॅम, त्यांचे साडेआठ-नऊ. भाताचे सात नव्हेत, अडीच. दूध आणि पीठ तेवढं खरं होतं. बेरीज बत्तीसही होईना. साडेचार आठवडे आई निम्म्यावर होती. आणि निम्म्या खाण्यावर पाय उचलत नाहीत म्हणून तिनेच तिला बोलून घेतलं होतं.

"म्हणून डाळ उरत होती," नवरा हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुझा हिशेब लागला."

"मी वाटीचं वजन वजा करायला लावलं तुम्हाला," ती म्हणाली. "आणि दोनतृतीयांश पाणी तसंच ठेवलं."

"ती पोरगी सांगत होती ना काहीतरी त्या दिवशी?"

ती पोरगी काय सांगत होती आणि तिला कुणी अडवलं, ते दोघांनाही माहीत होतं.

अकरा दिवस उरले होते. तक्ता फाडून तिने नवा मांडला, सगळी वजनं कोरडी. मसूर पन्नास, म्हणजे बारा. सोयावड्या तीस, म्हणजे साडेपंधरा. हरभरे चाळीस, आठ. दूध दोन ग्लास, तेरा. शेंगदाण्यांचं कूट वीस, पाच. पीठ ऐंशी, नऊ. साठाच्या वर गेलं, आणि पैशांतही बसलं. चारशे ऐंशीच्या आतच बसलं. पहिल्या दिवसापासून बसलं असतं.

पण आईचं पोट साडेचार आठवडे छोट्या वाट्यांना सरावलं होतं. कोरडी पन्नास ग्रॅम डाळ शिजून मोठी वाटीभर होत होती. पहिल्याच दिवशी आईने निम्मी ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळी संपवली आणि रात्री पोट धरून बसली.

"हे काय चालवलंय अचानक?" ती म्हणाली. "लग्नाला जायचंय का मला?"

"डॉक्टरांनी वाढवायला सांगितलंय," काटेबाई म्हणाली.

हे खोटं होतं. नवऱ्याने ताटावरून मान वर केली नाही.

मग तिने आकार कमी करायचे उपाय शोधले. सोयावड्या कोरड्याच मिक्सरमधून काढून पिठात मिसळल्या, डाळ घट्ट ठेवली, वरचं पाणी नवऱ्याच्या ताटात गेलं. दुधात घालायला साय काढलेल्या दुधाची पावडर आणली. शंभर ग्रॅमला पस्तीस प्रथिनं, आणि जागा अडवत नाही. अर्धा किलोचं पाकीट एकशे ऐंशीला. पैसे काठीत गेले होते, म्हणून वाण्याला उधार मांडायला सांगितलं. वाणी म्हणाला, "बाई, तुम्ही आणि उधार? आज सूर्य कुठून उगवला?" तिने पाकीट पिशवीत टाकलं आणि निघाली.

पावडर आईला मानवली. कोमट दुधात दोन चमचे घातले की प्यायची, वर ओठ पुसून म्हणायची, "हे बरं आहे, दाट आहे." शेवटच्या चार दिवसांत काटेबाईच्या हिशेबाने ती पंचावन्नपर्यंत पोचली. हिशेब या वेळी बरोबर होता. अकरा तारखेला आई हात न टेकता एकदा उठली. बारा तारखेला दोनदा. काटेबाईने रेघा मारल्या नाहीत. अकरा दिवसांत मांडीवर किती मांस चढतं, हे तिने व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं होतं. फरक दिसायला आठवडे लागतात, असं त्या म्हणाल्या होत्या.

चौदा मे. इस्पितळाच्या त्या खोलीत भिंतीला टेकवलेली एक साधी लाकडी खुर्ची होती. भाऊ रात्रीच्या गाडीने आला होता, दाढी वाढलेली. डॉक्टरीणबाईंनी आईला दोन्ही हात छातीवर घडी करून घ्यायला सांगितलं.

एक. आई उठली, बसली.

दोन.

तिसऱ्या वेळी ती उठताना एका बाजूला कलली, डॉक्टरीणबाईंनी कोपराला नुसतं बोट लावलं, आणि ती उभी राहिली. "हे धरायचं का?" भावाने विचारलं.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चौथ्या वेळी आईने तीनदा झोका घेतला. मान पुढे आली, पण खुर्चीपासून वीतभरही वर आली नाही. मग हातांची घडी आपोआप सुटली आणि तिने खुर्चीचे हात धरले.

आईच आधी बोलली.

"माझ्यातच दम नाही रे. ताईने काही कमी केलं नाही. वजन करून करून वाढलं तिने मला, ग्रॅमला ग्रॅम. खाल्लेलं अंगी लागत नाही, त्याला ती तरी काय करणार?"

भावाने काटेबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, तू केलंस तेवढं दुसऱ्या कुणी केलं नसतं. मला माहीत आहे."

आत्ता बोलायला हवं होतं. चूक माझी आहे, आईच्या पायांची नाही, मला अजून सहा आठवडे दे, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. काटेबाईच्या जिभेवर ते आलंही. पण त्याच्या मागोमाग दुसरं आलं: काट्यावर सव्वीस वर्षं बसलेली बाई, आणि डाळीतलं पाणी ओळखता आलं नाही. डेपोत हे कळलं तर, हा विचार आला. भावाच्या बायकोला कळलं तर, हाही आला. नवऱ्याने घसा साफ केला, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"नेतो मग मी तिला," भाऊ म्हणाला.

"ने," काटेबाई म्हणाली.

परवाच निघायचं ठरलं. त्या दोन दिवसांत आई कपड्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा करत होती. एकदा फक्त म्हणाली, "तिथे जेवण कसं असेल गं?" आणि उत्तराची वाट न बघता दुसरं लुगडं उचललं.

गाडी दारात लागली तेव्हा काटेबाईने भावाच्या हातात घडी केलेला कागद दिला. सोमवार ते रविवार, सगळी वजनं, आणि वर मोठ्या अक्षरांत, दोनदा अधोरेखित: सर्व माल कोरडा तोलावा. शिजवलेला नव्हे.

भावाने तो न उघडता खिशात ठेवला. "ताई, तिथे एका कढईत शंभर माणसांचं शिजतं. तिथे कोण तोलत बसणार आहे?"

"सांगून बघ."

"बघतो."

त्याच्या स्वरावरून तो बघणार नाही हे तिला कळलं. आई मागच्या सीटवर बसली. दाराची काच खाली करून तिने काटेबाईचा हात धरला आणि म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्याच नशिबात पाणी होतं." तिला काहीच माहीत नव्हतं, ती आपली बोलून गेली. नवरा एकदम आत निघून गेला.

शुक्रवारी काटेबाई डेपोत गेली. नदीची वाळू आली, तिने मुठीत दाबली, शंभराला सहा कापले. संध्याकाळी घरी दोघांपुरता स्वयंपाक झाला. डाळ नवऱ्याने अंदाजाने घातली, तिनेही काटा मागितला नाही. दूध पावडरीचं पाकीट निम्मं भरलेलं होतं. दोघांनाही ती आवडत नव्हती.

वाण्याचे एकशे ऐंशी रुपये द्यायचे राहिले आहेत.